बाहेर काम करणाऱ्यांसाठी रेनकोट आणि उन्हाच्या टोप्या: सुपरवायझरने मालकाला मागणीपत्र कसं लिहावं

'कर्मचाऱ्यांना रेनकोट व टोप्या मिळाव्यात ही नम्र विनंती' एवढंच लिहून पत्र वर पाठवलं, की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पत्र फाईलमध्ये पडून राहतं, कारण वाचणाऱ्याला किती, कोणते, कोणासाठी, कधीपर्यंत यातलं काहीच कळत नाही. किंवा मंजुरी लगेच मिळते आणि एकाच मापाचे पातळ प्लास्टिकचे पन्नास पोंचो येऊन पडतात. पहिल्या जोराच्या वाऱ्यात ते डोक्यावर उलटतात आणि महिन्याभरात फाटतात. दुसरी गत जास्त वाईट, कारण त्यानंतर पुन्हा मागायला गेलं की "आत्ताच तर दिले" हे उत्तर तयार असतं.

म्हणून या पत्रात मागणीइतकीच मोजणी महत्त्वाची आहे. भाषा साधी असली तरी चालते. यादी मात्र अशी हवी, की मालकाने किंवा व्यवस्थापकाने ती खरेदी विभागाकडे जशीच्या तशी सरकवली तरी योग्य वस्तू यावी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एका मोठ्या आवाराची देखभाल करणारी टीम आहे. गेटवर सहा सुरक्षा रक्षक, बागेत सात जण, रस्ते झाडायला पाच आणि बाहेरच्या दिव्यांची व पाइपांची दुरुस्ती करणारे चार तंत्रज्ञ. एकूण २२ माणसं, एक सुपरवायझर.

माणसं मोजण्याआधी कामं मोजा

२२ माणसं म्हणून २२ रेनकोट आणि २२ टोप्या, हा हिशोब चुकतो. पावसात उभं राहणाऱ्याची गरज वेगळी आणि पावसात वाकून काम करणाऱ्याची वेगळी.

गेटवरचा रक्षक बराच वेळ उभा असतो. त्याला गुडघ्याखाली येणारा लांब रेनकोट सोयीचा, पटकन चढवता आणि उतरवता येणारा. तो गाड्यांच्या समोर उभा राहतो, म्हणून कोटावर छाती, पाठ आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी हवी. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ही पट्टी गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकते, म्हणून ती रात्री उपयोगी पडते. दिवसा पावसाच्या अंधूक उजेडात माणूस दिसतो तो कापडाच्या भडक पिवळ्या किंवा नारिंगी रंगामुळे. गडद निळ्या कोटावर पट्टी लावली तर दिवसा काहीच फायदा होत नाही. त्यामुळे यादीत रंग आणि पट्टी दोन्ही लिहावं.

माळी आणि झाडणारे कर्मचारी सतत वाकतात, बसतात, हात वर करतात. लांब कोट पायात येतो आणि वाकलं की पाठीमागून वर सरकतो. त्यांना जाकीट आणि पँट असा जोड द्यावा. रस्त्यावर झाडणाऱ्यांच्या जोडावरही भडक रंग आणि पट्टी हवीच. पोंचो या दोघांनाही नको. तो वाऱ्याने फुगतो, हाताची हालचाल अडवतो, आणि गवत कापायच्या यंत्राजवळ त्याचं लोंबणारं टोक अडकलं तर मोठा अपघात होऊ शकतो. छत्री तर हातात काम असलेल्या माणसाला देण्यासारखी वस्तूच नाही, तिच्यासाठी एक हात कायमचा अडकतो.

तंत्रज्ञांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आतून घ्यायची तर हेल्मेट नीट बसत नाही, बाहेरून घ्यायची तर ती तेवढी मोठी असावी लागते. म्हणून त्यांच्या जोडाला सुटी करता येणारी मोठी टोपी मागावी. उन्हाची टोपी हेल्मेटखाली घालू नये, त्याने हेल्मेटची पकड सैल होते. त्यांच्यासाठी हेल्मेटलाच बसणारी कड आणि मानेवर येणारी झालर मिळते. ती मागताना हेल्मेट कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या प्रकारचं आहे ते लिहावं आणि त्याच हेल्मेटसाठी बनवलेली मागावी. हेल्मेटला भोक पाडून काहीतरी बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

टोपी कशी हवी ते मोजमापात लिहा

'उन्हाची टोपी' लिहिलं की पुढे कड असलेली साधी कॅप येते. कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यावर कंपनीचं नाव छान छापता येतं. पण कॅपमुळे फक्त कपाळ आणि नाक झाकतं. कान, गालांच्या बाजू आणि मानेचा मागचा भाग उघडाच राहतो, आणि वाकून काम करणाऱ्याची मान तर सगळ्यात जास्त भाजते.

त्यामुळे यादीत लिहावं: सगळ्या बाजूंनी किमान ७.५ सेंटिमीटर रुंद कड, किंवा कॅप असेल तर कान व मान झाकणारी झालर. कापड घट्ट विणीचं हवं. नमुना आला की तो उजेडासमोर धरून पाहावा. आरपार उजेड जितका कमी दिसेल तितकं बरं. जिथे मिळेल तिथे यूपीएफ ५० असं लिहिलेलं कापड मागावं. त्याचा अर्थ सूर्याच्या अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्क्यांच्या आसपासच, त्यातून आत येतो. वाऱ्यात टोपी उडू नये म्हणून हनुवटीखाली दोरी लागते, पण ती ओढ बसली की आपोआप सुटणारी असावी. यंत्राजवळ काम करणाऱ्यांसाठी ही अट आवर्जून लिहा.

टोपीचं काम किरणं अडवणं आहे. उकाड्यासाठी सावली, पाणी आणि विश्रांती लागतेच, टोपी दिली म्हणून ती कमी करता येत नाहीत. पत्रातही टोप्यांची मागणी अशा शब्दांत करू नये, की व्यवस्थापनाला उन्हाचा प्रश्न तेवढ्यावरच मिटला असं वाटेल.

रेनकोट कुठून गळतो

कापड पाणी अडवतं, शिलाई अडवत नाही. सुईच्या भोकांतून पाणी आत येतं, आणि आधी खांदे, मग काखा ओल्या होतात. म्हणून 'शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली किंवा जोड वितळवून बंद केलेले' ही अट यादीत असलीच पाहिजे. माझ्या मते पूर्ण यादीतून एकच अट ठेवायची वेळ आली तर ती हीच ठेवावी. दुसरी गळती चेनची. चेनवर बटणाने किंवा चिकटपट्टीने बंद होणारी झाकणपट्टी हवी.

तिसरी अडचण गळतीसारखी दिसते, पण ती गळती नसते. जाड प्लास्टिकच्या कोटात अंगमेहनत केली की घाम बाहेर जात नाही आणि माणूस आतूनच भिजतो. कर्मचारी सांगतात, "कोट गळतो." दोन्हीतला फरक ओळखणं सोपं आहे. खांदे आणि शिवणीजवळ ओल असेल तर ती गळती. पाठ आणि छाती सगळीकडे सारखी दमट असेल तर तो घाम. गळती असेल तर मालाची तक्रार करायची. घाम असेल तर पाठीवर झाकलेली हवेची खिडकी किंवा काखेत छिद्रं असलेला कोट मागायचा. उष्ण हवेत असा बंद कोट घालून जड काम केलं तर उष्माघाताचा धोकाही वाढतो, त्यामुळे माळी आणि झाडणाऱ्यांसाठी हवेशीर कोटाची मागणी ही चैन समजली जाऊ नये.

मापं, जुना साठा आणि तारीख

मापं विचारून लिहू नयेत, घालून पाहावीत. रेनकोट नेहमीच्या कपड्यांवरून चढतो, त्यामुळे शर्टाच्या मापापेक्षा बहुधा एक माप मोठं लागतं. एखादा जुना कोट घेऊन माणसाला तो घालायला सांगा, हात पुढे करून वाकायला सांगा. मनगट उघडं पडलं किंवा पाठ ताणली तर पुढचं माप. स्त्री कर्मचाऱ्यांची मापं वेगळ्या रकान्यात घ्यावीत. बऱ्याचदा त्यांना पुरुषांच्या मापातला लहान कोट दिला जातो, तो खांद्यात मोठा आणि कमरेत घट्ट होतो आणि मग तो वापरलाच जात नाही.

त्यानंतर कपाट उघडून मागच्या वर्षीचा साठा तपासा. समजा आपल्या उदाहरणात जुने नऊ जोड सापडले. शिवणीवर पाणी ओतून पाहिलं तर पाच गळतात, चार चांगले आहेत. हे चार पत्रात लपवू नका. उलट स्पष्ट लिहा, की हे चार जादा साठा म्हणून ठेवले जातील, त्यामुळे जाकीट-पँटचे नवीन जादा जोड नकोत. जो माणूस आहे ते मान्य करतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता हिशोब असा होतो. माळी सात, झाडणारे पाच, तंत्रज्ञ चार, म्हणून जाकीट-पँटचे १६ जोड. रक्षक सहा, त्यांचा एक कोट जादा, म्हणून लांब कोट सात. रक्षक पाळीने येतात म्हणून तीनच कोट पुरतील असं कोणी सुचवेल. पण एका पाळीचा ओला कोट दुसऱ्या पाळीला घालायला लागतो, तो वाळत नाही आणि त्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही. टोप्या घामाने भिजतात आणि धुवाव्या लागतात, म्हणून दिवसभर उन्हात असणाऱ्या बारा जणांना प्रत्येकी दोन, म्हणजे २४. रक्षकांना प्रत्येकी एक, सहा. दोन जादा. एकूण ३२. तंत्रज्ञांसाठी हेल्मेटची कड आणि झालर, चार संच.

तारीख उलटी मोजावी. पत्र वाचणं आणि मंजुरी, दरपत्रकं, नमुना पाहणं, माल येणं, मापं बदलून घेणं आणि वाटप, हे सगळं मिळून आठ ते दहा आठवडे सहज जातात. म्हणून पावसाळा सुरू होण्याच्या किमान दहा आठवडे आधी पत्र द्यावं. टोप्या तातडीच्या असतील तर त्याच पत्रात लिहावं, की टोप्यांची खरेदी आधी करावी. ऊन आणि पाऊस यांची दोन पत्रं केली तर एक हमखास मागे राहतं.

पत्राचा मसुदा

मागणी पहिल्याच परिच्छेदात सांगा. कारणं त्यानंतर. वाचणाऱ्याला निर्णय घ्यायचा आहे, त्यामुळे 'आम्ही अनेक वर्षे निष्ठेने सेवा करीत आहोत' अशा सुरुवातीची गरज नाही. धमकी नको आणि गयावयाही नको.

> दिनांक: ________
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक (प्रशासन),
> ________
>
> विषय: बाहेर काम करणाऱ्या २२ कर्मचाऱ्यांसाठी पावसाळी पोशाख व उन्हापासून संरक्षणाच्या टोप्या मिळणेबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> देखभाल विभागातील २२ कर्मचारी पूर्ण वेळ उघड्यावर काम करतात. त्यांच्यासाठी खाली नमूद केलेले पावसाळी पोशाख दि. ________ पर्यंत व टोप्या दि. ________ पर्यंत उपलब्ध करून द्याव्यात, अशी विनंती आहे.
>
> मागील पावसाळ्यात जोराच्या पावसात बागकाम व रस्तेसफाई वारंवार थांबवावी लागली. थांबलेल्या कामाची नोंद हजेरी वहीत असून तिचा उतारा सोबत जोडला आहे. शिल्लक नऊ जोडांपैकी पाच जोड शिवणीतून गळतात. चार वापरण्यायोग्य असून ते जादा साठा म्हणून ठेवण्यात येतील. सध्याच्या कॅपमुळे कान व मान झाकली जात नाही. बागकाम व सफाईतील बारा कर्मचारी दिवसाचा बहुतांश वेळ थेट उन्हात असतात.
>
> आवश्यक साहित्य:
> १) जाकीट व पँट असा जोड, भडक पिवळा रंग, चमकणाऱ्या पट्ट्यांसह, शिलाई आतून पट्टी लावून बंद केलेली, हवा खेळण्याची सोय असलेला: १६ (माळी ७, सफाई ५, तंत्रज्ञ ४). तंत्रज्ञांच्या जोडाची टोपी हेल्मेटवरून बसेल अशी व सुटी होणारी असावी.
> २) लांब रेनकोट, वरीलप्रमाणे रंग, पट्ट्या व शिलाई: ७ (सुरक्षा रक्षक ६, जादा १).
> ३) टोपी, सर्व बाजूंनी किमान ७.५ सें.मी. कड, घट्ट विणीचे कापड, ओढ बसताच सुटणारी दोरी: ३२ (माळी व सफाई २४, रक्षक ६, जादा २).
> ४) हेल्मेटला बसणारी कड व मानेची झालर: ४ संच. हेल्मेटचा प्रकार सोबतच्या यादीत दिला आहे.
>
> मापांची यादी जोडली आहे. खरेदीपूर्वी प्रत्येक प्रकारचा एक नमुना पाहण्यास मिळावा. साहित्याचे वाटप, नोंदवही व वर्षअखेरची तपासणी यांची जबाबदारी माझ्याकडे राहील. ओले पोशाख वाळवण्यासाठी भांडार खोलीत खुंट्या बसवण्यास परवानगी मिळावी.
>
> सर्व साहित्य एकाच वेळी घेणे शक्य नसल्यास क्र. ३ व १ प्रथम घ्यावे, ही विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही)
> नाव व पद
>
> सोबत: १) मापांची यादी २) काम थांबल्याची नोंद ३) जुन्या साठ्याचा तपशील

शेवटच्या आधीची ओळ, 'शक्य नसल्यास', काही जणांना पटत नाही. आपणच आधी माघार का घ्यावी, असं त्यांना वाटतं. पण पैसे कमी पडले तर कात्री कुठे लावायची ते कुणीतरी ठरवणारच, आणि त्याला कोणतं काम जास्त अडतं याची कल्पना नसते. ते तुम्हीच ठरवून दिलेलं बरं.

कारणांच्या परिच्छेदात फक्त तेवढंच लिहा, जे विचारलं तर दाखवता येईल. नोंद ठेवली नसेल तर 'अनेकदा काम थांबले' असं न लिहिता आजपासून नोंद सुरू करा: तारीख, काम, किती वेळ थांबलं, एका ओळीत. आजारपणाचा उल्लेख करताना कुणाचं नाव किंवा आजार पत्रात घालू नका.

मालक काय विचारतील

"कंत्राटी माणसांना आपण का द्यायचं?" हा प्रश्न येणारच. म्हणून मापांच्या यादीत कायम आणि कंत्राटी असे दोन रकाने ठेवा आणि पत्र देण्याआधी कंत्राटाची प्रत काढून पाहा, पोशाख कुणी पुरवायचा असं त्यात लिहिलंय ते. ठेकेदाराने द्यायचा असेल तर मागणी त्याच्याकडे लेखी जाऊ द्या, पण वस्तूंच्या अटी त्याच राहू द्या. एकाच रस्त्यावर झाडणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच अंगावर चमकणारी पट्टी असणं बरोबर नाही.

"निम्मे पैसे कर्मचाऱ्यांकडून घेऊ" असंही सुचवलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हे स्पष्ट आहे, की गरज असेल तिथे संरक्षक कपडे मालकाने पुरवायचे आणि सुरक्षिततेच्या उपायांचा खर्च कामगारांवर पडता कामा नये. आपल्या देशाने तो करार स्वीकारला आहे का आणि आपल्याकडचा कायदा नेमकं काय म्हणतो, ते आधी पाहून ठेवा. पत्रात कलमांची रांग लावू नका. प्रश्न आलाच तर तोंडी, शांतपणे सांगता येईल.

"टोप्यांची एवढी काय गरज?" याला जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२३ चा संयुक्त अंदाज सांगता येतो. मेलॅनोमा सोडून बाकीच्या त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या तीनपैकी जवळपास एका मृत्यूचं कारण उन्हात काम करणं हे आहे.

आणि एक गोष्ट तुम्हीच आपणहून सांगा. रेनकोट मिळाले म्हणजे कोणत्याही पावसात काम चालू राहील, असं नाही. विजा कडाडत असतील तर बाहेरचं काम थांबवावंच लागेल, अंगावर कितीही चांगला कोट असला तरी. हे आधीच बोलून ठेवलं नाही, तर पुढे "रेनकोट दिलेत ना, मग काम का बंद?" असा जाब तुमच्या माणसांना द्यावा लागेल.

पत्र दिल्यानंतर

प्रतीवर पोच घ्या: तारीख आणि सही. एका आठवड्याने तोंडी विचारा, दोन आठवड्यांनी पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन चार ओळींचं स्मरणपत्र द्या. नमुना दाखवायला बोलावलं तर एका माळ्याला बरोबर घेऊन जा. तो कोट घालून वाकेल आणि अर्ध्या मिनिटात सांगेल चालेल की नाही.

माल आला की वाटायच्या आधी तपासा. प्रत्येक प्रकारातले दोन-तीन नग घ्या, खांद्याची शिवण खळग्यासारखी धरा, तिच्यात पेलाभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. खालून थेंब दिसला तर ती सगळी खेप परत करायची लेखी सूचना त्याच दिवशी द्या. एकदा वाटप झाल्यावर पुरवठादार वापराचं कारण पुढे करतो. मापं बरोबर आलीत का ते यादीशी ताडून पाहा, कारण सगळा माल एकाच मापात येण्याचा प्रकार वारंवार घडतो.

वाटताना नोंदवहीत नाव, वस्तू, माप, तारीख आणि सही घ्या. प्रत्येक नगावर आतल्या बाजूने न पुसणाऱ्या शाईने क्रमांक टाका. टोप्या एकमेकांच्या वापरायच्या नाहीत हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. ओला कोट घडी करून पेटीत ठेवला तर त्याला बुरशी येते आणि आतली पट्टी सुटते, म्हणून खुंट्या बसवून घेण्याचा पाठपुरावा सोडू नका. पावसाळा संपला की सगळे नग परत मागवून तीच पाण्याची तपासणी करा आणि किती चांगले, किती गळके हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या पत्राला जोडायचा जुन्या साठ्याचा तपशील त्यातून तयार होतो.